सात माणसं आणि एक नाक

कुटुंब_१

पहिल्या चित्रात सगळे दादा होते.

आईसुद्धा दादा होती. वहिनी म्हणजे केस वाढवलेला दादा, ताई म्हणजे कानात डूल घातलेला दादा. खरा दादा मधोमध उभा होता आणि तोच तेवढा दादासारखा दिसत नव्हता. त्याच्या अंगातला चौकडीचा शर्ट साथीसारखा पसरला होता. बाबांच्या स्वेटरवर चौकडी, आईच्या निळ्या जाकिटाच्या एका बाहीवर चौकडी. धाकट्याच्या काळ्या टी-शर्टवर काहीतरी चौकोनी उगवायला लागलं होतं, ते अर्ध्यावर थांबलं होतं.

"वा," काका म्हणाले. "कुटुंब एकजीव दिसतंय."

काका म्हणजे छापखान्याचे मालक. ते कुणाचेच काका नव्हते, पण एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांनी त्यांचं दुसरं नाव वापरलं नव्हतं. त्यांच्या छापखान्यात मागच्या खोलीत दोन संगणक होते. एकावर काका पत्ते खेळायचे. दुसऱ्यावर मधली काम करायची: खोके, पिशव्या, लेबलं, दुकानांच्या पाट्या. आज तिच्या पडद्यावर तिचंच घर होतं.

घर म्हणजे बेकरी. बेकरीचा खोका बदलायचा होता. जुन्या खोक्यावर उंच पांढरी टोपी घातलेला, गालाला खळी पडलेला एक माणूस होता. तो कोण, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी फार पूर्वी कुठल्यातरी नमुन्याच्या वहीतून तो निवडला होता. गिऱ्हाइकं समजायची, हेच आजोबा. काही जण आदराने विचारायचे, ते कसे गेले. बाबा म्हणायचे, हळूहळू. शेवटी दादाने ठरवलं की दुसऱ्याच्या आजोबांना किती दिवस राबवायचं. खोक्यावर आता आपण सगळे. पण फोटो नको, फोटो लग्नपत्रिकेसारखा दिसतो. गोष्टीच्या पुस्तकात असतं तसं, रंगवलेलं चित्र पाहिजे. आणि मधली घरात असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं?

फोटो काढला होता बेकरीच्या शटरसमोर, सकाळचा माल निघाल्यावर. तोही मधलीनेच. मैद्याच्या दोन पोत्यांवर कॅमेरा ठेवला, टायमर लावला आणि पळाली. मागच्या रांगेत ताई आणि धाकटा यांच्यामध्ये ती घुसत होती तेवढ्यात कॅमेऱ्याने आपलं काम उरकलं. सहा माणसं स्पष्ट, सातवी हललेली. ताईच्या केसांमागून डोकावणारा एक धुरकट गोल, आणि त्याच्याखाली करड्या रंगाचा स्वेटशर्ट.

पुन्हा काढायचा म्हटल्यावर बाबा म्हणाले होते, पाव जळतील. मुद्दा संपला.

कुटुंब_२

पूर्ण फोटो एका घासात एआयला दिला की असंच होतं, हे मधलीला माहीत होतं. तरी आळसाने दिला होता. सात जणांच्या घोळक्यात एकेका चेहऱ्याच्या वाट्याला जागा येते शेंगदाण्याएवढी. तेवढ्यात डोळे, भुवया, जिवणी कुठून आणणार? मग ते जे स्पष्ट दिसतंय त्याच्यावरून बाकीच्यांचं ठोकून देतं. दादा मधोमध होता आणि त्याच्या तोंडावर ऊन होतं, म्हणून घरभर दादा झाला.

तिने मग व्यवस्थित बैठक मारली. प्रत्येकाचा चेहरा वेगळा कापला, मोठा केला. प्रत्येकाचा एकेक जवळून काढलेला, चांगल्या उजेडातला फोटो घरून मागवला. दादाने अर्जाला चिकटवायचा फोटो पाठवला, त्यात तो कुठल्यातरी गुन्ह्याची कबुली देत असल्यासारखा दिसत होता. धाकट्याने स्वतःचा फक्त डावा गाल पाठवला, कारण उजवीकडे मुरूम होता. ताईने मुलाखतीला जाताना काढलेला पाठवला. वहिनीने इतके पाठवले की फोन गरम झाला. आईबाबांचे मधलीकडे होतेच, तिनेच काढलेले.

आणि वर्णन लिहिलं. डावीकडून, माणूस माणूस धरून.

*पुढची रांग, डावीकडून पहिले: वयस्क गृहस्थ, टक्कल, दोन्ही कानांवर पांढरे केस, मोठं बाकदार नाक. किरमिजी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, आत पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. पुढची रांग, दुसरी: वयस्क बाई, गोल चेहरा, बसकं नाक, चष्मा. निळं लोकरी जाकीट, चार मोठी बटणं...*

हे असं सगळ्यांचं. कपडे मुद्दाम तपशिलात, कारण नुसतं शर्ट म्हटलं तर ते स्वतःच्या मनाने शिंप्याचं काम करायला बसतं.

आता त्या नाकाबद्दल.

ते नाक बाबांचं. बाबांच्या वडिलांचंही होतं, असं म्हणतात. घराण्यात जमीनजुमला नव्हता, नाक होतं. वरून नीट निघायचं, मध्यावर काहीतरी आठवल्यासारखं थांबायचं आणि मग खाली वाकायचं. दादाला ते मिळालं, ताईला मिळालं. ताईने एका वयात त्याबद्दल बरंच रडून घेतलं होतं. पुढे बाबांनी दुसरं लग्न केलं. आई आली ती स्वतःचं बसकं नाक आणि चार वर्षांची मुलगी घेऊन. मुलीलाही तसंच बसकं नाक होतं. ती मुलगी म्हणजे मधली. सुरुवातीला ती बाबांना 'पाववाले' म्हणायची, आणि ते ओ द्यायचे. मग धाकटा झाला, आणि सुईणीने त्याला वर धरल्याबरोबर सगळ्यांना आधी दिसलं ते नाक. मागून बाळ आलं.

म्हणजे हिशोब असा: सात माणसांत चार नाकं. आई, वहिनी आणि मधली कोरड्या.

त्यात आई बोलूनचालून घरची मालकीण, आणि वहिनी लग्न करून आलेली. त्यांना कोण विचारतो? कुणी गल्ल्यावर आलं की दादाला म्हणायचं, नाकावरून ओळखलं. ताईला म्हणायचं, नाकावरून ओळखलं. धाकटा लहानपणी सायकलवरून नाल्यात पडला तेव्हा ज्याने बाहेर काढलं त्यानेही नाकावरूनच पत्ता शोधला. आणि मधलीला म्हणायचं, तुम्ही इथं नवीन लागलात का?

ती तेव्हा वीस वर्षं त्या घरात होती.

कुटुंब_३, कुटुंब_३_नको, कुटुंब_३_हे_बघू_नका

एकेक चेहरा वेगळा दिल्यावर माणसं माणसांसारखी यायला लागली. फक्त वहिनीला नाक लागलं. ती दादाला टेकून उभी होती, तेवढ्यानेच लागण झाली.

मधलीने तो नमुना घरच्या ग्रुपवर टाकला, आणि वहिनीचा फोन आला. ती ओरडली नाही. अगदी शांतपणे म्हणाली की या घराण्याचं बाकी सगळं मी घेतलं, उठायची वेळ घेतली, सासूबाईंच्या हातचा कडू चहा घेतला, हे घेणार नाही. मागून दादाचा आवाज येत होता, काय वाईट आहे त्यात. वहिनी त्याला काय म्हणाली ते फोनवर हात ठेवून म्हणाली.

म्हणून मधलीने एआयला सांगितलं की फक्त वहिनीचं नाक बदल. त्याने नाक बदललं. आणि हात लागलाच आहे म्हणून आईच्या जाकिटाची चाराची पाच बटणं केली, बाबांच्या स्वेटरला बाह्या फुटल्या, धाकट्याचा काळा टी-शर्ट जांभळा झाला, आणि ताई पिवळ्या झग्यात आली. पिवळा झगा वहिनीचा होता. वहिनीला ताईचा ठिपक्यांचा हिरवा सदरा मिळाला.

"त्यांनी आपापसात बदलले असतील," काका पत्त्यांतून मान वर न करता म्हणाले. "बायका बदलतात."

ते दुरुस्त केलं तर बटणं सहा झाली. बटणं दुरुस्त केली तर बाबांच्या डोक्यावर केस आले. प्रत्येक दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीवर केल्यामुळे माणसं थोडी थोडी घसरत चालली होती. तिसऱ्या खेपेला दादा एखाद्या टूथपेस्टच्या जाहिरातीतला वाटत होता, आणि सगळ्यांची कातडी नुकतीच इस्त्री केलेली.

मधलीने ते सगळं फेकून दिलं. पुन्हा मूळ फोटोवर आली आणि नियम घातला: दर वेळी मूळ फोटोवरूनच करायचं, केलेल्यावर पुन्हा नाही. एका वेळी एकच माणूस. त्या माणसाभोवती आखून घ्यायचं, त्या रेघेबाहेर कशालाही हात लावायचा नाही. रंगवण्याची तऱ्हा सगळ्यांना तीच, एकाच नमुन्याच्या चित्रावरून. आणि जोर कमी: रंगव, पण नवीन माणूस घडवू नकोस. कपड्यांचे रंग फोटोतून उचलून बाजूला ठिपक्यांसारखे मांडून ठेवले. प्रत्येक माणूस झाला की त्या ठिपक्यांशी ताडून बघायचा, तिथं किरमिजी म्हणजे किरमिजीच. मग सात तुकडे मूळ फोटोतल्या जागी परत बसवायचे.

चित्रापेक्षा हे भरतकाम जास्त होतं. पण माणसं यायला लागली. बाबांच्या भुवया आल्या, त्यातला एक केस कायम वर उभा असतो, तोही आला. ताईची हनुवटी आली. धाकट्याचा मुरूमसुद्धा आला, तो तिने ठेवला. वहिनी वहिनीसारखी आली आणि पिवळ्यात आली. आई आली, आणि मधली जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली. आई चित्रात शोभून दिसत होती. चष्म्याखाली बसकं, रुंद, कुणाची पर्वा नसलेलं नाक.

शेवटी राहिली ती स्वतः.

कुटुंब_४

सगळ्यांचे जवळून काढलेले फोटो होते. तिचा नव्हता.

तिने फोन धुंडाळला. हजारो फोटो. प्रत्येक वाढदिवस, प्रत्येक केक, धाकट्याचा प्रत्येक निकाल, आणि कुठल्याच फोटोत ती नाही, कारण कॅमेरा तिच्या हातात. एका फोटोत काचेत तिची कोपरं दिसत होती. स्वतःचे काढलेले चारदोन होते, पण फोनने ते परस्पर गुळगुळीत केले होते. त्यात ती साबणाच्या वडीसारखी दिसत होती, नाक म्हणजे नुसत्या दोन टिंबांची सूचना.

जाऊ दे, ती म्हणाली. मागच्या रांगेत तर आहे. करडा स्वेटशर्ट, बाहीवर शाईचा डाग, खांद्यापर्यंत केस. तिने धुरकट गोलाभोवती रेघ आखली. नाकाबद्दल काही लिहिलं नाही. लिहायचं राहून गेलं, किंवा तिने राहू दिलं. ते तिला तेव्हा विचारलं असतं तर ती म्हणाली असती, राहून गेलं.

एआयने त्या धुरकट गोलाकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. त्याने डावीकडे बघितलं, ताई. उजवीकडे बघितलं, धाकटा. आणि शेजाऱ्यांकडून वाटीभर साखर आणावी तसं नाक आणलं.

बसवलंही छान. इतकं छान की तिला आधी चूक कळलीच नाही, फक्त वाटलं की कुणीतरी ओळखीचं बघतंय. मग तिने मोठं केलं.

वरून नीट निघालं होतं. मध्यावर थांबलं होतं. खाली वाकलं होतं.

तिने खुर्ची मागे सरकवली. मग पुढे घेतली.

काका मशीनकडे गेले होते, कागद अडकला होता आणि ते त्याच्याशी जोरजोरात बोलत होते. काकांचीच एक जुनी रीत होती. घोळक्याचं चित्र असलं की दोन कोरे कागद घ्यायचे. एकाने सगळे कपडे झाकायचे आणि नुसत्या चेहऱ्यांवरून माणसं ओळखता येतात का बघायचं. दुसऱ्याने चेहरे झाकायचे आणि कपड्यांवरून बघायचं. दोन्हीत पास झालं तरच छापायला. तिने चित्र छापून घेतलं आणि एक कागद वर ठेवला. चेहरे झाकले. करडा स्वेटशर्ट, शाईचा डाग, ही मी. पास. कागद खाली सरकवला. कपडे झाकले. बाबा, आई, दादा, वहिनी, धाकटा, ताई.

आणि ताई व धाकट्याची सख्खी बहीण. जी कधी झालीच नाही.

तिला ती मुलगी आवडली. हे नीट सांगायला हवं, कारण ती पुढे कबूल करणार नाही. तिला वाटलं, ही गल्ल्यावर उभी राहिली असती तर कुणी विचारलं नसतं, नवीन लागलात का. खोका घराघरांत जाईल. लोक बिस्किटं खातील, खोक्यात सुया-दोरे ठेवतील, वर्षानुवर्षं बघतील, आणि कुणालाही शंका येणार नाही. चुकून झालंय. मी काही मागितलं नव्हतं. वहिनीला नको होतं, वहिनीने परत केलं, तेच फिरून माझ्याकडे आलं असेल.

तिने फाइलला नाव दिलं.

कुटुंब_शेवटचं

बेकरीच्या मागच्या खोलीत लांब टेबल आहे, त्यावर पीठ मळतात, जेवतात आणि भांडतात. तिथं तिने छापलेलं चित्र ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. वहिनी शोधेल, तिला वाटलं, वहिनीला आता नाकांचं कळायला लागलंय.

वहिनीने आधी स्वतःला शोधलं. पिवळा झगा सापडल्यावर मग चेहरा बघितला, नाकावर बोट ठेवून खात्री केली आणि मधलीच्या पाठीवर थाप मारली. दादाने स्वतःची चौकडी मोजली. ताईला तिचे ठिपके परत मिळाल्याचा आनंद होता. धाकट्याने मुरुमावरून बरीच तक्रार केली, ताई म्हणाली की तेवढ्यावरूनच तो तू आहेस हे कळतंय. आईने चष्मा पुसून बटणं मोजली. चार.

मग सगळ्यांनी मागच्या रांगेकडे बघितलं. धाकट्याने बोट ठेवलं.

"आणि ही मधली. बाहीवर डाग पण आहे बघ."

हो की, डाग पण आहे, दादा म्हणाला. काय बारकाई. यावर एकमत झालं.

झालं. एवढंच. कपड्यांवरून ओळखली, वर कुणी बघितलंच नाही. कपडे इतके बिनचूक होते की चेहऱ्याकडे जायचं कारणच उरलं नव्हतं. आईसुद्धा फक्त म्हणाली की तू जरा वाळलेली दिसतेस यात.

मधलीला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याच वेळी, त्याच जागी, काहीतरी लागलं. वीस-पंचवीस वर्षं ज्यांच्या ताटाला ताट लावून जेवलो त्यांना माझं नाक कसं आहे हे माहीत नाही. म्हणजे चोरी केली, ती पचली, आणि आता रुसून बसावंसं वाटत होतं की पकडलं का नाही. ती स्वतःवरच वैतागली. उद्या काकांना फाइल देते, ती म्हणाली. खोका, पिशवी आणि पाटी, तिन्हीवर हेच सात तुकडे कापून बसवायचेत, पुन्हा रंगवायला दिलं तर परत बटणं बदलतील. बघा, काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा.

कुणालाच काही सांगायचं नव्हतं. सगळे आपापल्या कामाला गेले.

तेवढ्यात बाबा भट्टीकडून आले. हातात गरम पावांचा ट्रे. टेबलावर जागा बघितली, नव्हती. त्यांनी ट्रे ठेवला तो चित्रावरच, खालच्या अर्ध्यावर.

"बाबा, अहो, चित्र आहे ते."

बाबांनी ट्रे उचलला नाही. ते वाकून वरच्या अर्ध्याकडे बघत होते. ट्रेच्या काठावर सात डोकी रांगेत उभी होती. बाबांनी मिठाएवढा वेळ घेतला, म्हणजे कणकेत मीठ पडलंय की नाही हे आठवायला त्यांना लागतो तेवढा.

"छान," ते म्हणाले. "तू का नाही आलीस यात?"

मधली म्हणाली, आहे की.

"कुठं?"

तिने बोट ठेवलं. बाबांनी बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा चित्राकडे.

"ही? ही तर आमच्या आत्यासारखी दिसते. तिचं आणि माझं कधी पटलं नाही."

मधलीने ट्रे उचलला. खालचा करडा स्वेटशर्ट दिसला, शाईचा डाग दिसला. हे बघा, ती म्हणाली, मीच आहे.

बाबा म्हणाले की स्वेटशर्ट तुझा आहे, ते दिसतंय. तो या बाईने घातलाय.

मग तिने सगळं सांगितलं. भरभर, धंद्याच्या भाषेत. की फोटोत मी हलले होते, चेहरा धुरकट होता, एआयला शेजारच्यांवरून भरावा लागला. की कुणाच्या लक्षात आलं नाही. की मागची रांग आहे, खोक्यावर छापल्यावर वाटाण्याएवढं दिसेल. आणि मग, धंद्याची भाषा संपल्यावर, जरा हळू, की राहू दे ना बाबा. वाईट काय दिसतंय? सगळ्यांना आहे.

बाबांनी हात पुसले. पुसून हात स्वच्छ होत नाहीत, कापड मळतं, पण ते पुसतात.

"सगळ्यांना आहे म्हणूनच म्हणतो. माझ्या नाकांनी घर भरलंय. शिंक आली की खिडक्या हलतात. त्यात आणखी एक कशाला?"

तिने हातातला ट्रे खुर्चीवर ठेवला.

"आणि हे बघ. तुझं नाक तुझ्या आईचं आहे. ते आवडलं म्हणून तर मी तुमच्या दारात रोज न मागवलेला पाव टाकायचो. आता ते खोक्यावरून काढून टाकतेस, आणि मला विचारत पण नाहीस."

आतून आई म्हणाली की पाव शिळा असायचा. बाबा म्हणाले, त्या वेळी हातात तेवढंच होतं.

मधली टेबलाच्या कडेचं वाळलेलं पीठ नखाने खरवडत बसली. मग म्हणाली की तसं करायचं तर माझा फोटो लागेल. जवळून काढलेला, स्पष्ट. तो कुठंच नाही.

"म्हणजे काय? एवढे फोटो आहेत."

"सगळे मीच काढलेत."

बाबा थांबले. ही गोष्ट त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आली होती, हे त्यांच्या तोंडावर दिसलं, आणि ते तोंड लपवायला तेवढं मोठं नाकही पुरलं नाही.

"दे तो फोन," ते म्हणाले.

मधली_१ ते मधली_१९

पहिल्या फोटोत बाबांचा अंगठा होता. दुसऱ्यात अंगठा आणि तिचा कान. तिसऱ्यात छत. चौथा व्हिडिओ निघाला, त्यात बाबा विचारत होते, निघाला का.

तिने सांगितलं, खिडकीकडे पाठ नको, उजेड चेहऱ्यावर पाहिजे. बाबा गरगर फिरले. स्वतः खिडकीकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांची सावली बरोबर तिच्या तोंडावर पडली. सरका म्हटल्यावर ते पिठाच्या पिंपाला अडखळले, आणि पांढरा धुरळा उठून दोघांच्या अंगावर बसला. आता दादा, ताई, धाकटा, सगळे दारात जमले होते आणि प्रत्येकाला फोटो कसा काढतात हे माहीत होतं. वहिनी म्हणाली, हस. ताई म्हणाली, हसू नको, नाक पसरतं. दादा म्हणाला, मग पसरू दे की, त्यासाठीच तर चाललंय. धाकटा चित्र हातात घेऊन आत्ता कुठे मागच्या रांगेकडे बघत होता.

"अरे हो की," तो म्हणाला. "ही कोण बया?"

त्यावर सगळे एकदम चित्रावर पडले. ताईने वर मधलीकडे बघितलं. काहीतरी म्हणणार होती, पण नुसतं पुढे येऊन तिचे केस कानामागे सारले. फोटोत केस मध्ये येतात, एवढंच पुटपुटली.

बाबा अगदी जवळ आले. फोन दोन्ही हातांनी धरला होता, गरम ट्रे धरतात तसा. जीभ दातांत. श्वास रोखलेला.

एकोणिसावा चांगला आला. तिरपा होता, कपाळ कापलेलं होतं, पण नाक मधोमध आणि काचेसारखं स्पष्ट. बसकं, रुंद, शेंड्यावर पिठाचा ठिपका.

कुटुंब_शेवटचं_खरंच

*मागची रांग, मधली: तरुण स्त्री, खांद्यापर्यंत केस, एका बाजूने कानामागे. गोल चेहरा. नाक बसकं, रुंद, पुढच्या रांगेतल्या चष्मेवाल्या बाईसारखं. शेजारच्या कुणासारखंही नाही.*

एवढं लिहून तिने रेघ आखली, बाबांचा फोटो जोडला आणि बटण दाबलं. कपड्यांना हात लागू दिला नाही. ते आधीच बरोबर होते.

काकांनी दोन कागद घेऊन तपासलं. चेहरे झाकले, कपडे झाकले. दोन्हीत पास. त्यांनी एवढंच विचारलं की या पोरीच्या नाकावर पांढरं काय आहे. एआयला पीठ कळलं नव्हतं. त्याला वाटलं, नाक असंच असतं. त्याने तो ठिपका प्रेमाने रंगवला होता, गोल, कडेला किंचित सावली देऊन.

काढू का, काकांनी विचारलं.

काढला तर बटणं पाच होतील, मधली म्हणाली. ते खोटं होतं. रेघेच्या आत होतं सगळं, एका झटक्यात निघालं असतं.

खोके छापून आले. पहिल्या गठ्ठ्यातला एक उलगडून बाबांनी भट्टीजवळ लावला, तो दुपारपर्यंत तपकिरी झाला. टोपीवाल्या आजोबांची दोनचार गिऱ्हाइकांनी चौकशी केली. दादाने सांगितलं, निवृत्त झाले. वहिनीने माहेरी सात खोके पाठवले, सहा रिकामे.

मधली त्या दिवशी गल्ल्यावर होती. एक बाई आल्या, नेहमीच्या नव्हत्या. बिस्किटं घेतली. खोका हातात फिरवून बघितला, आणि मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर अंगठा घासायला लागल्या. थुंकी लावून घासलं. नखाने खरवडलं.

"जात नाही हो ते," मधली म्हणाली.

बाईंनी वर बघितलं. खोक्याकडे बघितलं. परत वर.

"तुमच्या पण लागलंय," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून दाखवलं.